किल्ली नेमकी कोणाची?

(सोलापूर येथील युवा कार्यशाळेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'ईमेलची सुरक्षितता' असा ऐसपैस विषय दिला आहे. त्यातला एकच प्रश्न मी आज घेणार आहे, कारण बाकीचे प्रश्न संगणक सोडवतो आणि हा एक मात्र माणसांनाच सोडवावा लागतो.

आपल्यापैकी बरेच जण मदत केंद्रांवर बसतात. पोटगीचा दावा करणारी एखादी बहीण येते. निकाहनामा, पगाराच्या स्लिपा, डॉक्टरांचे कागद असे सगळे स्कॅन करून आपण पुण्याच्या किंवा मुंबईच्या वकीलबाईंना मेल करतो. तो मेल वाटेत बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो हे खरे, पण मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर तो उघडाच पडतो. ज्याच्या हाती त्या बहिणीचा किंवा वकीलबाईंचा पासवर्ड लागेल, त्याला तो आरामात वाचता येतो. आणि पासवर्ड घरातल्याच माणसाच्या हाती लागतो, हे मदत केंद्रावर बसणाऱ्याला सांगायला नको.

यावर पीजीपी हा उपाय फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने १९९१ मध्ये काढला. त्यात प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. जाहीर किल्ली सगळ्यांना वाटायची, खाजगी किल्ली आपल्या संगणकावर जपायची. जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त तिच्या जोडीच्या खाजगी किल्लीनेच उघडतो. म्हणजे वकीलबाईंची जाहीर किल्ली माझ्याकडे असली की मी पाठवलेले कागद त्यांच्याशिवाय कोणालाही वाचता येणार नाहीत. कोणी कोणाला आणि कधी पाठवले एवढे मात्र दिसत राहते, ते पीजीपी लपवत नाही.

आता प्रश्न. माझ्याकडे आलेली ही किल्ली वकीलबाईंचीच आहे, हे मला कशावरून कळले?

हा प्रश्न हलका समजू नका. किल्ली बनवताना प्रोग्राम नाव आणि ईमेल विचारतो. तुम्ही जे टाइप कराल ते तो मुकाट्याने लिहून घेतो. दोन मिनिटांत मी त्या वकीलबाईंच्या नावाने किल्ली बनवू शकते. ती तुम्ही वापरली, तर तुमचे कागद कुलूपबंदच असतील, पण ते कुलूप उघडेल माझ्याकडे. वकीलबाई "मेल उघडत नाही हो" असे कळवतील तेव्हा तुम्हाला शंका येईल, तीही नशिबाने. मी मधल्या वाटेत बसून प्रत्येक मेल उघडून, वाचून, त्यांच्या खऱ्या किल्लीने पुन्हा बंद करून पुढे धाडला, तर तेवढीही शंका येणार नाही.

या प्रश्नाला जगात दोन उत्तरे निघाली. एक वरून येते, दुसरे शेजारून.

वरून येणारे उत्तर तुम्ही रोज वापरता. बँकेची वेबसाइट उघडली की ब्राउझर तिचे सर्टिफिकेट तपासतो. ते सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला सर्टिफाइंग किंवा सर्टिफिकेट ऑथॉरिटी म्हणतात. थोडक्यात सीए. आपल्याकडे यात गंमत होते. व्यापाऱ्याला विचारा, "तुमची डिजिटल सही कुठे आहे?" तर तो सांगतो, "सीएकडे." त्याला अभिप्रेत असतात चार्टर्ड अकाउंटंट, आणि सहीचा यूएसबी टोकन खरोखरच त्यांच्या ड्रॉवरमध्ये, पिनसकट पडलेला असतो! तर तो सीए वेगळा. आपला सीए म्हणजे 'ही किल्ली अमुकचीच आहे' असा दाखला सही करून देणारी संस्था. अशा शंभराहून जास्त मूळ दाखल्यांची यादी ब्राउझरमध्ये किंवा विंडोजमध्ये आधीच भरलेली असते. तुम्हाला कोणी विचारलेले नसते. आणि साधारणपणे या यादीतला कोणताही सीए जगातल्या कोणत्याही वेबसाइटच्या नावाने दाखला देऊ शकतो. एक जरी घसरला, तरी दार उघडे.

हे आपल्या देशात घडलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार भारत सरकारने सीसीए नावाचे पद निर्माण केले, कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज. देशातले परवानाधारक सीए त्यांच्या हाताखाली येतात. पॅनवाल्यांची, टेंडरवाल्यांची डिजिटल सही याच झाडाची फांदी. त्यातली एक फांदी होती एनआयसी, म्हणजे सरकारच्या वेबसाइटी सांभाळणारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही संस्था. आणि या झाडाचे मूळ मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या यादीत घेतलेले होते.

२ जुलै २०१४ ला गुगलच्या लक्षात आले की त्यांच्या स्वतःच्या काही डोमेनच्या नावाने दाखले फिरत आहेत, जे त्यांनी मागितलेलेच नाहीत. दाखल्यावर सही एनआयसीची. असा दाखला ज्याच्या हाती आहे तो काय करू शकतो? तो जर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये बसला असेल, म्हणजे वायफायच्या राउटरवर किंवा सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रावर, तर तो तुम्हाला गुगलची हुबेहूब वेबसाइट दाखवू शकतो. वर कुलूप दिसेल, पत्ता बरोबर दिसेल, इशारा येणार नाही, आणि पासवर्ड मात्र त्याच्या हाती पडेल.

गुगलने एनआयसी, सीसीए आणि मायक्रोसॉफ्टला कळवले. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, सीसीएने एनआयसीचे मधले दाखले रद्द केले. इथपर्यंत कारभार चोख. पुढचे मात्र ऐका. सीसीएने सांगितले की एनआयसीच्या दाखला देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती आणि फक्त चार दाखले चुकीचे गेले, पहिला २५ जूनला. चारांपैकी तीन गुगलच्या डोमेनचे, एक याहूचा. गुगलने जाहीरपणे उत्तर दिले की या चारांत नसलेले आणखी दाखले आम्हाला माहीत आहेत, तेव्हा व्याप्ती किती हे कोणालाच ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल. म्हणजे दाखले देणाऱ्यालाच आपण किती दाखले दिले याचा हिशोब लागत नव्हता.

या प्रकरणात कोण सापडले असते आणि कोण नसते, हे बघण्यासारखे आहे. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, त्यात भारताचे मूळ नव्हतेच. त्यामुळे फायरफॉक्सवाले सुटले. अँड्रॉइडवालेही सुटले. विंडोजवर क्रोम वापरणारे गुगलच्या साइटपुरते वाचले, कारण क्रोममध्ये गुगलच्या खऱ्या किल्ल्या आधीच कोरून ठेवलेल्या होत्या. उघड्यावर राहिला तो विंडोजवर इंटरनेट एक्स्प्लोरर वापरणारा, म्हणजे त्या काळातले आपले सायबर कॅफे आणि सरकारी कचेऱ्या! नंतर क्रोमने भारताच्या या मुळाला gov.in, nic.in, ac.in, rbi.org.in अशा सात डोमेनपुरतेच बांधून टाकले.

वरून येणाऱ्या भरवशाचा दोष यात स्वच्छ दिसतो. तो वापरायला सोपा, पण घसरला की लाखोंसाठी एकदम घसरतो. त्याआधी २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या कंपनीत घुसून कोणीतरी गुगलच्या नावाचा दाखला मिळवला होता आणि तो इराणमधल्या लोकांवर वापरला गेला. ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. अशा धक्क्यांनंतर दाखल्यांची जाहीर वही ठेवण्याची पद्धत आली. २०१८ च्या मे महिन्यापासून दिलेला दाखला त्या वहीत नोंदलेला नसेल तर क्रोम तो मानत नाही. crt.sh या पत्त्यावर आपल्या संस्थेचे डोमेन टाकून बघा, त्या नावाने कोणी कोणी दाखले दिले ते दिसते. ओळखीचा नसलेला दाखला दिसला तर चौकशी करा. चोरी थांबतेच असे नाही, पण ती लपून राहणे अवघड होते.

आता शेजारून येणारे उत्तर. पीजीपीने ठरवले की वरचा कोणी नकोच. माणसे एकमेकांच्या किल्ल्यांना साक्ष देतील. याला वेब ऑफ ट्रस्ट म्हणतात. मी त्याला भरवशाचे जाळे म्हणेन.

हे समजायला आपल्याला परदेशी उदाहरण नको. घरात मुलीसाठी स्थळ आले की काय होते? मुलगा पुण्यात कंपनीत आहे म्हणतात. आपण कलेक्टरचा दाखला मागत नाही, चौकशी करतो. त्या मोहल्ल्यात राहणाऱ्या मामूंना विचारतो, त्याच कंपनीतल्या कोणाला विचारतो. आणि इथे आपल्या आई-खाला एक फार बारीक फरक करतात. "रफिकभाई माणूस चांगला, पण त्याच्या सांगण्यावर जाऊ नको, तो सगळ्यांनाच चांगले म्हणतो." माणूस खरा असणे वेगळे आणि त्याची साक्ष भरवशाची असणे वेगळे. पीजीपीचे जाळे याच फरकावर उभे आहे. किल्ली खरी कोणाची, हा एक निर्णय. आणि त्या किल्लीच्या मालकाने दुसऱ्यासाठी दिलेली साक्ष किती मानायची, हा दुसरा. पहिला निर्णय तुम्ही सही करून जगाला दाखवू शकता. दुसरा तुमच्याच संगणकात गुप्त राहतो, नाहीतर रफिकभाई रुसतील.

हिशोबही साधा आहे. जीएनयूपीजी हा प्रोग्राम मूळ मांडणीनुसार असे मानतो: ज्याच्यावर तुमचा पूर्ण भरवसा आहे अशा एकाची साक्ष पुरे, किंवा ज्यांच्यावर थोडा भरवसा आहे अशा तिघांची. साखळी फार तर पाच कड्यांची. समजा मला औरंगाबादच्या एका वकीलबाईंना लिहायचे आहे, त्यांना मी कधी भेटलेले नाही. त्यांच्या किल्लीवर लातूरच्या एका कार्यकर्तीची सही आहे, तिला मी भेटले आहे आणि तिची किल्ली तपासली आहे. तिच्या साक्षीला मी 'थोडा भरवसा' दिला असेल तर प्रोग्राम म्हणेल, अजून दोन साक्षी आणा. 'पूर्ण' दिला असेल तर वकीलबाईंची किल्ली लगेच ग्राह्य. पण त्या कार्यकर्तीची किल्ली मी स्वतः तपासलेलीच नसेल, आणि कोणा भरवशाच्या साक्षीदारानेही नसेल, तर तिची साक्ष शून्य.

किल्ली तपासायची म्हणजे काय? प्रत्येक किल्लीचा एक ठसा असतो, फिंगरप्रिंट. आज सर्रास दिसणाऱ्या किल्ल्यांचा ठसा चाळीस अक्षरांचा, चार-चारच्या दहा गटांत लिहिलेला. लोक आळसाने शेवटची आठ अक्षरे बघून 'बरोबर' म्हणतात. आठ अक्षरांचे सुमारे ४२९ कोटी प्रकार होतात. मोठा आकडा वाटतो, पण साध्या ग्राफिक्स कार्डावर तेवढे जुळवणे काही सेकंदांचे काम आहे, हे २०१४ मध्ये दोन संशोधकांनी करून दाखवले. २०१६ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स याच्या नावाची बनावट किल्ली सार्वजनिक सर्व्हरवर सापडली. पहिली त्याची खरी, दुसरी बनावट:

```
ABAF 11C6 5A29 70B1 30AB  E3C4 79BE 3E43 0041 1886
0F6A 1465 32D8 69AE E438  F74B 6211 AA3B 0041 1886
```

शेवटचे दोन गट बघा. म्हणून ठसा पूर्ण वाचायचा, आणि ज्या मेलमधून किल्ली आली त्याच मेलमधून ठसा घ्यायचा नाही. चोराने किल्ली बदलली असेल तर ठसाही बदलेल. फोनवर आवाज ओळखून वाचून घ्या, समोर भेटा, छापील कार्डावर बघा. वाट वेगळी हवी, एवढेच.

याचे सर्वांत चांगले उदाहरण एडवर्ड स्नोडेनचे. जानेवारी २०१३ मध्ये त्याला चित्रपटकार लॉरा पॉइट्रस हिच्याशी बोलायचे होते. तिची किल्ली त्याला कुठे मिळाली नाही, म्हणून त्याने नाव न सांगता मायका ली या तिच्या ओळखीच्या तंत्रज्ञाला विचारले. लीने किल्ली पाठवली. पण ज्या यंत्रणेविरुद्ध तो उभा राहणार होता, तीच मधल्या वाटेत मेल बदलू शकत होती. मग लीने पॉइट्रसच्या किल्लीचा ठसा ट्विटरवर जाहीर टाकला. आता बदल करायचा तर जगासमोर करावा लागला असता, आणि तो ली आणि पॉइट्रस दोघांनाही दिसला असता. वरचा कोणी सीए नाही. एक ओळखीचा माणूस आणि एक वेगळी वाट, एवढ्यावर काम झाले.

मग हे जाळे जगभर का पसरले नाही? कारण त्याचेही दोष आहेत, आणि ते आपल्यासारख्यांना जास्त लागतात.

पहिला म्हणजे सही जाहीर असते. माझ्या किल्लीवर कोणाकोणाच्या सह्या आहेत यावरून मी कोणाला ओळखते, साधारण कधी भेटले, याची यादीच तयार होते. पोटगीच्या दाव्यात मदत करणाऱ्या मुलीला आपले ओळखीचे जाळे चौकात टांगलेले परवडेल का? माझे मत, नाही. म्हणून सही करायचीच तर स्थानिक करा, जी आपल्या संगणकाबाहेर जात नाही:

```
gpg --fingerprint vakil@example.org
gpg --lsign-key vakil@example.org
```

पहिली आज्ञा ठसा दाखवते, तो हातातल्या कागदाशी पूर्ण जुळवा. दुसरी आज्ञा ठसा पुन्हा दाखवून विचारते, सही करू का? तेव्हाच हो म्हणा.

दुसरा दोष २०१९ मध्ये उघडा पडला. जुन्या सर्व्हरांवर कोणाच्याही किल्लीला कोणीही सही चिकटवू शकत होते, आणि एकदा चिकटलेली सही निघत नव्हती. पुसता येऊ नये, हाच तर मूळ हेतू होता, म्हणजे कोणत्या सरकारला दबाव आणून किल्ली गायब करता येऊ नये. त्याच गुणाचा कोणीतरी फास केला. जून २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या दोन नावाजलेल्या माणसांच्या किल्ल्यांवर हजारो कचरा सह्या ओतल्या गेल्या. ती किल्ली उतरवून घेणाऱ्याचा प्रोग्राम गुदमरून बंद पडायचा. पुढच्याच महिन्यात जीएनयूपीजीने सर्व्हरवरून येणाऱ्या परक्या सह्या डीफॉल्टनेच सोडून द्यायला सुरुवात केली. साक्षीदारांना दारातच अडवले, तर जाळे राहिले कुठे?

आज keys.openpgp.org हा सर्व्हर वापरतात. तो तुमच्या ईमेलवर एक दुवा पाठवतो, तुम्ही तो उघडला की किल्ली त्या पत्त्याने शोधता येते. म्हणजे तो एवढीच साक्ष देतो की हा मेलबॉक्स याच्या हातात होता. पासवर्ड नवऱ्याकडे असेल तर ही साक्षही नवऱ्याचीच. दुसरी सोय अशी की संस्था आपल्या सभासदांच्या किल्ल्या आपल्याच वेबसाइटवर ठेवते. चांगली आहे, पण वेबसाइट खरी कशावरून? तिच्या सर्टिफिकेटवरून! म्हणजे मागच्या दाराने सीए परत घरात. शेजारचा भरवसा पुरता वरच्यापासून सुटत नाही, हे मी तुम्हाला लपवून सांगणार नाही.

म्हणून तुमच्यापैकी जे थंडरबर्ड वापरतील, त्यांना जाळे दिसणारच नाही. २०२० पासून त्यात पीजीपी आतच आहे, पण तो साक्षी मोजत नाही. प्रत्येक किल्लीला तो तुम्हालाच विचारतो: स्वीकारली पण तपासली नाही, की ठसा स्वतः तपासला? दुसरा पर्याय खोटा निवडू नका. तपासलेली नसेल तर पहिलाच ठेवा आणि अशा किल्लीवर निकाहनामा पाठवू नका, भेटीची वेळ ठरवण्यापुरती वापरा.

आपल्या जिल्ह्यात ज्यांना खरोखर कागद पाठवावे लागतात अशी माणसे किती? दहा-पंधरा. एवढ्यांसाठी जगभराचे जाळे लागत नाही. आज दुपारच्या सत्रात आपण तेच करणार आहोत. प्रत्येकाने आपल्या किल्लीचा ठसा छापून आणला आहे. संगणक बंद ठेवायचे. एकाने स्वतःचा ठसा स्वतःच्या कागदावरून मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी हातातल्या यादीवर खूण करायची. एक अक्षर चुकले तरी त्या नावावर काट. ओळखपत्राचा आग्रह मी धरत नाही, इथे सगळे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी मात्र ज्याने त्यांना आणले त्याने उभे राहून सांगावे. घरी गेल्यावर यादीवरून स्थानिक सही करायची, आणि यादी टेबलावर पडू द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट आजच करून घ्या. जीएनयूपीजी किल्ली बनवतानाच एक रद्दपत्र बनवून `openpgp-revocs.d` या फोल्डरमध्ये ठेवतो. संगणक चोरीला गेला, खाजगी किल्ली कोणाच्या हाती लागली, तर हे रद्दपत्र सर्व्हरवर टाकून आणि या दहा-पंधरा जणांना पाठवून किल्ली मेलेली जाहीर करता येते. ते त्याच संगणकावर ठेवून उपयोग नाही. छापून घ्या आणि घरच्या पेटीत, जमिनीच्या कागदांबरोबर ठेवा. ज्याच्या हाती ते पडेल त्याला तुमचे मेल वाचता येणार नाहीत, फक्त तुमची किल्ली मारता येईल. छापण्यासाठी प्रिंटर मागच्या खोलीत लावला आहे. शाई कमी आहे, तेव्हा ज्यांनी आणलेले नाही त्यांनीच तिकडे जावे.